फीचे पैसे खात्यातून गेले, पोर्टलवर मात्र ‘Unpaid’: दुसऱ्या दिवशीची पडताळणी कशी होते आणि तोवर काय करायचं

समजा, कळव्यातली एक मुलगी प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला वडिलांबरोबर नौपाड्यातल्या सायबर कॅफेत आली आहे. सोमवार, रात्रीचे साडेनऊ. फॉर्मची मुदत बुधवारी रात्री ११:५९ पर्यंत. फोटो, सही, दाखले सगळं अपलोड झालं. फी ८०० रुपये. कॅफेच्या कॉम्प्युटरवर क्यूआर कोड आला आणि वडिलांनी तो आपल्या मोबाइलवरून स्कॅन केला. रेंज कमी होती, त्यामुळे पिन टाकल्यावर चक्र फिरतच राहिलं. तेवढ्यात कॉम्प्युटरवरच्या पानाची वेळ संपली आणि कॅफेवाल्याने टॅब बंद केला. मिनिटभराने बँकेचा मेसेज आला, ८०० रुपये खात्यातून वजा. पुन्हा लॉगिन केलं तर फॉर्मसमोर `Unpaid` लिहिलेलं, आणि खाली पुन्हा `Pay Now` हे बटण.

या क्षणी ते बटण दाबायचं नाही. का, ते कळण्यासाठी ८०० रुपये आणि ‘पैसे मिळाले’ हा निरोप, या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी जातात हे आधी लक्षात घ्यायला हवं.

पैसे एका वाटेने, निरोप दुसऱ्या

परीक्षा घेणारी संस्था तुमच्याकडून थेट पैसे घेत नाही. मध्ये पेमेंट गेटवे, म्हणजे संस्थेच्या वतीने ऑनलाइन पैसे गोळा करणारी कंपनी, असतो. तुम्ही `Pay Now` दाबता तेव्हा पोर्टल एक नवा ऑर्डर क्रमांक तयार करतं आणि तुम्हाला गेटवेच्या पानावर पाठवतं. तिथून यूपीआयमार्फत तुमच्या बँकेला विचारणा होते, बँक पैसे वजा करते आणि तसं गेटवेला कळवते. इथपर्यंतचा प्रवास पैशांचा.

पोर्टलपर्यंत निरोप मुख्यतः दोन मार्गांनी येतो. पहिला मार्ग तुमच्या ब्राउझरमधून. ‘Please do not refresh or press back’ असं लिहिलेलं पान आपोआप पोर्टलवर परत जातं, तेव्हा ते ऑर्डर क्रमांक आणि निकाल सोबत घेऊन जातं. टॅब बंद झाला, नेट गेलं, मोबाइलवर फोन आला आणि ब्राउझर मागे पडला, की हा मार्ग तुटतो. वरच्या प्रसंगात तेच झालं. दुसरा मार्ग गेटवेच्या सर्व्हरकडून थेट पोर्टलच्या सर्व्हरकडे. तो तुमच्या ब्राउझरवर अवलंबून नसतो, पण मुदतीच्या शेवटच्या दिवसांत पोर्टलवर गर्दी असते आणि हा निरोपही कधी स्वीकारला जात नाही. शिवाय सगळ्याच पोर्टलनी ही सोय चालू ठेवलेली असते असंही नाही.

दोन्ही मार्ग चुकले, की पोर्टलच्या दृष्टीने त्या ऑर्डरचं उत्तर आलेलंच नसतं. मग ते `Pending`, `Unpaid`, `Not Paid` यांपैकी काहीतरी दाखवतं. त्याचा अर्थ ‘आम्हाला अजून कळलेलं नाही’ एवढाच. ‘पैसे मिळाले नाहीत’ असा अर्थ लगेच काढू नका.

कॉम्प्युटरवर क्यूआर आणि पैसे दुसऱ्याच्या मोबाइलवरून, या पद्धतीत घोळ जास्त होतो, कारण ‘पैसे गेले’ हे मोबाइलला कळतं आणि पोर्टलकडे परत जाणारं पान मात्र कॉम्प्युटरवर असतं. मोबाइलवर हिरवी खूण आली म्हणून काम झालं असं समजून कॅफेतला टॅब बंद करणं ही सगळ्यात नेहमीची चूक. पावतीचं पान कॉम्प्युटरवर उमटेपर्यंत खुर्चीवरून उठू नये.

पहिल्या अर्ध्या तासात

आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन खात्याचा उतारा उघडा. नुसत्या मेसेजवर विसंबू नका, कारण पैसे वजा झाल्याचा मेसेज लगेच येतो आणि परत जमा झाल्याचा कधी उशिरा येतो, कधी येतच नाही. उताऱ्यात ८०० रुपयांची वजा नोंद आहे का, आणि तिच्यानंतर तेवढ्याच रकमेची जमा नोंद आहे का, ते पाहा. तोच संदर्भ क्रमांक असलेली जमा नोंद दिसली, तर व्यवहार उलटला आहे. पैसे तुमच्याकडेच आहेत, फी भरलेली नाही, आणि निवांत मनाने नव्याने फी भरायला हरकत नाही.

फक्त वजा नोंद असेल तर तिच्यातला १२ अंकी क्रमांक लिहून घ्या. यूपीआय अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर बोट ठेवलं की तो ‘UTR’ किंवा ‘UPI Ref. No.’ या नावाखाली दिसतो. तिथे आणखी एक लांबलचक, अक्षरं आणि अंक मिसळलेला आयडीही असतो, पण बँकेकडे आणि गेटवेकडे शोध घेताना १२ अंकी क्रमांकच कामाला येतो. स्क्रीनशॉटमध्ये तारीख, वेळ, रक्कम आणि हा क्रमांक, चारही एकत्र दिसायला हवेत.

मग पोर्टलवर परत लॉगिन करा आणि `Payment History`, `Transaction Details` अशा नावाचं पान शोधा. तिथे तुमचा ऑर्डर क्रमांक किंवा ट्रान्झॅक्शन आयडी मिळेल. तोही टिपून ठेवा. पोर्टलला तुमचा १२ अंकी क्रमांक मुळात माहीतच नसतो, ते ऑर्डर क्रमांकावरून शोधतं. बँकेचं बरोबर उलट असतं. म्हणून दोन्ही क्रमांक हाताशी असलेल्या अर्जदाराची तक्रार पुढे सरकते आणि एकच असलेल्याची परत येते.

बऱ्याच पोर्टलवर याच पानावर `Verify Payment`, `Check Payment Status` किंवा `Re-verify` असं बटण असतं. ते दाबल्याने नवीन पैसे जात नाहीत. पोर्टल गेटवेला त्या ऑर्डरचा निकाल पुन्हा विचारतं, एवढंच. यालाच डबल व्हेरिफिकेशन म्हणतात. नुसती मधली वाट तुटली असेल तर इथेच फॉर्म `Paid` होतो आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा दाबून पाहा. सारखं दाबत बसल्याने उत्तर लवकर येत नाही, कारण गेटवेलाच बँकेचं उत्तर मिळालेलं नसेल तर तो तरी काय सांगणार?

फी स्टेट बँकेच्या एसबीआय कलेक्टमधून भरली असेल तर तिथे स्वतंत्र `Payment History` आहे. DU या अक्षरांनी सुरू होणारा संदर्भ क्रमांक टाकून पावती पुन्हा काढता येते. काही महाविद्यालयांमध्ये हा DU क्रमांक अर्जात आपण स्वतः भरायचा असतो. तो भरायचा राहिला तर पैसे पोचूनही फॉर्म `Unpaid` राहतो, आणि तिथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्यात अर्थ नसतो. त्यामुळे आपल्या पोर्टलची पद्धत कोणती, हे सूचनापत्रकात एकदा वाचून घ्या.

रात्रीतून नेमकं काय होतं

दिवस संपला की गेटवेकडे त्या तारखेच्या सगळ्या यशस्वी व्यवहारांची यादी तयार होते. ऑर्डर क्रमांक, रक्कम, तारीख, बँकेचा संदर्भ, अशी एकेक ओळ. ही यादी दुसऱ्या दिवशी संस्थेकडे जाते आणि पोर्टलवर अडकलेल्या ऑर्डरींशी जुळवली जाते. ऑर्डर क्रमांक आणि रक्कम दोन्ही जुळले, की फॉर्म `Paid` होतो आणि पावती तयार होते. काही संस्थांकडे ही जुळवणी आपोआप ठरलेल्या वेळी चालते, काहींकडे लेखा विभागातला माणूस फाइल चढवतो. ‘२४ तास थांबा’ किंवा ‘पुढील कामकाजाच्या दिवशी तपासा’ या सूचनेमागे हेच काम असतं.

यातून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. सोमवारी रात्री ११:५० ला भरलेली फी सोमवारच्या यादीत असते, तर १२:०५ ला भरलेली मंगळवारच्या यादीत जाते आणि बुधवारी जुळते. पंधरा मिनिटांच्या फरकाने एक दिवस वाढतो. फाइल माणूस चढवत असेल तर शुक्रवारी रात्रीच्या पैशांचं उत्तर सोमवारी येऊ शकतं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, हेही मोजणीत धरा. म्हणून सकाळी सातला पोर्टल उघडून `Unpaid` दिसलं म्हणून घाबरू नका. पहिला खरा निकाल दुपारनंतर बघावा.

जुळवणीत ओळ अडकते ती बहुतेक एका कारणाने. गेटवेने त्या ऑर्डरची वेळ संपली म्हणून ती ‘अयशस्वी’ लिहून टाकलेली असते आणि बँकेचा होकार त्यानंतर येतो. आपल्या उदाहरणात हे अगदी शक्य आहे, कारण पान बंद पडल्यावर मिनिटभराने पैसे गेले. अशा उशिरा आलेल्या पैशांचं काय करायचं ते गेटवे आणि संस्था यांच्यातल्या व्यवस्थेवर ठरतं. कुठे ऑर्डर नंतर यशस्वी केली जाते, कुठे पैसे आपोआप परत पाठवले जातात. दोन्ही शक्यता खुल्या असतात, म्हणूनच दुसऱ्या दिवशी पोर्टल आणि बँकेचा उतारा, दोन्ही बघायचे.

मंगळवार आणि बुधवार

मंगळवारी दुपारी एक वाजता मुलीने लॉगिन केलं. अजून `Unpaid`. उताऱ्यात जमा नोंद नाही. म्हणजे पैसे वडिलांकडे नाहीत आणि पोर्टललाही दिसत नाहीत. आता संस्थेच्या हेल्पडेस्कला ईमेल करायची वेळ. गेटवेचा पत्ता सूचनापत्रकात दिला असेल तर त्यालाही प्रत पाठवायची. मजकूर लांब नको:

```
विषय: फी वजा, पोर्टलवर Unpaid - अर्ज क्र. ______

अर्जदाराचे नाव (अर्जाप्रमाणे): ______
अर्ज क्रमांक: ______
ऑर्डर / ट्रान्झॅक्शन आयडी: ______
UTR (१२ अंकी): ______
रक्कम: रु. ८००
तारीख व वेळ: सोमवार, रात्री ९:४७
पैसे कोणाच्या खात्यातून: वडील, यूपीआय, बँक ______
सद्यस्थिती: पैसे परत आलेले नाहीत,
मंगळवार दुपारी १ पर्यंत अर्ज Unpaid.
सोबत: खाते उताऱ्यातील नोंद, पोर्टलचा स्क्रीनशॉट
```

उतारा जोडताना फक्त ती ओळ दिसेल असा भाग कापून घ्या, बाकीची शिल्लक आणि व्यवहार कोणाला दाखवायची गरज नाही. ईमेल अर्जात नोंदवलेल्या पत्त्यावरूनच करा. कॅफेवाल्याच्या ईमेलवरून गेलेली तक्रार अर्जाशी जोडणं हेल्पडेस्कला अवघड जातं.

हेल्पलाइनचा नंबर सूचनापत्रकातून किंवा पोर्टलवरूनच घ्या. गुगलवर ‘अमुक परीक्षा कस्टमर केअर’ असं शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. या शोधातच फसवणारे दबा धरून बसलेले असतात. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही, स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप घ्यावं लागत नाही. यातलं काहीही मागितलं की फोन ठेवून द्या. फसवणुकीत पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

मंगळवारी संध्याकाळी सहाला फॉर्म `Paid` झाला, असं धरू. काम अजून संपलेलं नाही. काही पोर्टलवर फी जमा झाल्यावर वेगळं `Final Submit` किंवा फॉर्म लॉक करण्याची पायरी असते. फी नेहमीप्रमाणे भरली असती तर पोर्टलने आपणहून त्या पानावर नेलं असतं. इथे जुळवणी मागच्या दाराने झाली, त्यामुळे कोणी नेत नाही. फी `Paid` आणि अर्ज ‘अपूर्ण’ अशा अवस्थेत मुदत संपते आणि मग कोणाचंच काही चालत नाही. अर्ज क्रमांक, फोटो आणि फीचा तपशील एकत्र असलेलं अंतिम पान पीडीएफ म्हणून उतरवून घ्या, तेव्हाच फॉर्म भरला असं म्हणा.

आणि `Paid` झालाच नाही तर? माझं मत स्पष्ट आहे. बुधवारी दुपारी बारापर्यंत वाट पाहावी आणि मग दुसऱ्यांदा फी भरावी, एकदाच, वेगळ्या मार्गाने. पहिली यूपीआयने गेली असेल तर आता डेबिट कार्ड किंवा नेट बँकिंग. त्याच बँकेचा सर्व्हर अडला असेल तर शक्यतो दुसऱ्या बँकेचं खातं. रात्री दहानंतरची गर्दी टाळायची म्हणून बारा ही वेळ. त्या आधी सूचनापत्रकात दुबार फीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. उदाहरणार्थ, जेईई आणि नीटसारख्या परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या सूचनापत्रकांत असं असतं की कन्फर्मेशन पेज आलं नाही तर आधी बँक किंवा गेटवेशी, मग हेल्पलाइनशी संपर्क करावा, तरीही सुटलं नाही तर दुसऱ्यांदा फी भरता येते, आणि जादा आलेली रक्कम हिशेब जुळल्यावर त्याच मार्गाने परत केली जाते.

प्रसंग पहिल्या दिवशी न घडता शेवटच्या रात्री दहा वाजता घडला तर दुसऱ्या दिवसाच्या पडताळणीवर भरवसा ठेवू नका. पैसे मुदतीत वजा झाले म्हणून अर्ज मुदतीत धरला जाईल, असं प्रत्येक ठिकाणी होत नाही. `Verify Payment` एक-दोनदा दाबून पाहा, वीस मिनिटं थांबा, आणि वेगळ्या मार्गाने दुसरी फी भरून टाका. पहिले ८०० नंतर शोधता येतील.

बँकेकडे कधी जायचं आणि कधी जायचं नाही

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, यूपीआयने किंवा कार्डाने ऑनलाइन पैसे वजा झाले आणि घेणाऱ्याकडे व्यवहाराची खात्री पोचलीच नाही, तर पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि ती तक्रारीची वाट न पाहता खात्यात जमा व्हायला हवी. मोजणी कॅलेंडरच्या तारखेने होते. सोमवारचा व्यवहार असेल तर शनिवारपर्यंत वाट पाहायची. रविवार उजाडला आणि पैसे नाहीत, तर यूपीआय अ‍ॅपमधल्या त्याच व्यवहारावरून किंवा बँकेत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तक्रार फेटाळली, तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

पण हा नियम कुठे लागू नाही, तेही समजून घ्या. पैसे गेटवेपर्यंत यशस्वी पोचले असतील आणि फक्त पोर्टलवर नोंद चढली नसेल, तर बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण आहे. तिथे परत करण्यासारखं काही उरत नाही. शाखेतला माणूस ‘आमच्याकडून सक्सेस आहे’ म्हणतो, तेव्हा तो टाळत नसतो, बरोबर सांगत असतो. ही तक्रार संस्थेकडे आणि गेटवेकडेच करायची. लोकपालही बँकेच्या चुकीत लक्ष घालतो, परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नाही.

याच कारणाने पहिल्या एक-दोन दिवसांत घाईने बँकेत ‘हा व्यवहार मला मान्य नाही’ अशी तक्रार टाकू नका. इकडे मंगळवारी फॉर्म `Paid` व्हायचा आणि तिकडे तक्रारीमुळे पैसे मागे खेचले जायचे, अशाने भरलेली फी पुन्हा अडचणीत येते. दुसरी फी भरून फॉर्म पूर्ण झाला असेल आणि पहिले पैसे संस्थेकडेच असतील, तरी आधी संस्थेकडे दुबार फीचा परतावा मागा. तो बहुतेक वेळा फॉर्मची मुदत संपून सगळा हिशेब जुळल्यावरच मिळतो, म्हणजे काही आठवडे लागू शकतात.

परतावा येतो तो ज्या खात्यातून किंवा कार्डवरून पैसे गेले तिथेच. कॅफेवाल्याने किंवा सेवा केंद्रवाल्याने आपल्या यूपीआयने फी भरली आणि तुम्ही त्याला रोख ८०० दिले, तर परतावा त्याच्या खात्यात जाईल, अर्जदाराच्या नाही. उताराही त्याचा, १२ अंकी क्रमांकही त्याच्याकडे. म्हणून फी घरच्याच खात्यातून भरा. नाइलाजाने त्याच्याकडून भरलीच, तर तिथेच उभ्या उभ्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट आपल्या मोबाइलवर मागून घ्या, आणि परतावा मिळेपर्यंत त्याच्याशी संपर्क ठेवा. घरच्या खात्यातून भरली असेल, तर ते खातं किंवा कार्ड परतावा येईपर्यंत बंद करू नका.